मंगळवारपर्यंत मुदत मिळेल का?

"मॅडम मला दोन दिवस पाहिजे होमवर्कला."

शुक्रवारी रात्री उशिरा फोनवर आलेला हा निरोप. पाठवणारी माझ्या मराठीच्या प्राथमिक वर्गातली. मूळची केरळची, परळच्या एका रुग्णालयात परिचारिका. हा वर्ग शनिवारी सकाळी दादरच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतो. बँकेतले, रुग्णालयांतले, एखादा वकील, एखादी मराठी घरात लग्न करून आलेली सून, अशी मंडळी येतात. मुंबईत काही वर्षं काढल्यामुळे मराठी सगळ्यांच्या कानावर असते. बाजारहाट करण्यापुरती तोंडातही असते. लिहायची वेळ मात्र कुणावर फारशी आलेली नसते.

त्या आठवड्याचा गृहपाठ असा होता: दादरच्या फुलबाजारात जायचं, एखाद्या विक्रेत्याशी बोलायचं आणि त्यावर दहा वाक्यं लिहायची. रविवारी रात्री दहापर्यंत माझ्याकडे पाठवायची. ती मुदत वाढवून हवी, एवढंच त्या निरोपात होतं. मला तो समजला आणि रागही आला नाही. पण वाचता वाचता दुसऱ्या दिवशीचा पाठ मात्र हाती लागला. नवशिक्यांच्या वर्गात पत्रलेखन म्हणून आपण त्यांच्याकडून काय करून घेतो, तर मामाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मित्राला सहलीचं वर्णन. आता मामाला कुणी पत्र लिहीत नाही, आणि या लोकांचे मामा तर मराठी वाचणारेही नाहीत. मुदत मागणारा मेल मात्र त्यांना खरोखरच लिहावा लागतो, आणि मला खरोखरच वाचावा लागतो.

तिला विचारून मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

"पाहिजे" चुकीचं नाही. भाजीवालीला "अर्धा किलो भेंडी पाहिजे" म्हटलं की ती तोलायला लागते. पैसे आपण देणार, माल ती देणार, कुणी कुणाचं मिंधं नाही. मुदतीचा व्यवहार तसा नाही. द्यायची की नाही ते माझ्या हातात, आणि बदल्यात मला काही मिळायचं नाही. तिथे "पाहिजे" म्हटलं की मागणी होते, विनंती उरत नाही. तिनं केलं होतं ते अगदी सरळ होतं. मल्याळममध्ये "एनिक्कु वेणम्" म्हणजे मराठीतलं "मला पाहिजे", मांडणीसुद्धा हुबेहूब तीच, त्यामुळे वाक्य आपोआप जुळून आलं. हिंदी बोलणारे "चाहिए" वरून नेमके याच ठिकाणी येऊन पोचतात. मल्याळममध्येही शिक्षकांना नुसतं "वेणम्" म्हणून ती थांबली नसती, असं तिनंच सांगितलं. पण नव्या भाषेत हाताशी जे क्रियापद असेल त्याच्यावरच काम भागवावं लागतं.

आता हे वाक्य सभ्य कसं करायचं? वर्गानं एकमुखानं उपाय सांगितला: "कृपया" लावा.

"कृपया मला दोन दिवस द्या."

नवशिक्यांचा "कृपया"वर फार विश्वास असतो, कारण शब्दकोशात त्यांना तो पहिल्याच दिवशी सापडतो. पण आपण मराठी माणसं हा शब्द बोलतो तरी कधी? तो आपल्याला भेटतो तो पाट्यांवर. कृपया चपला बाहेर काढाव्यात. कृपया रांगेत उभे राहावे. म्हणजे ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याला केलेल्या सूचनेत. "द्या" हा आदरार्थी असला तरी आज्ञार्थच आहे, आणि पुढे "कृपया" चिकटवलं तरी आज्ञा ती आज्ञाच राहते. घरात आई "ताट वाढून घे" म्हणते तेव्हा ती आज्ञा प्रेमाची असते आणि ती कुणाला टोचत नाही. पण विद्यार्थिनीनं शिक्षिकेला लिहिलेल्या मेलमध्ये ती टोचते, आणि "कृपया" लावल्यावर का कोण जाणे जरा जास्तच टोचते.

मग एक एक पर्याय फळ्यावर येत गेला. "द्याल का?" हा चांगला, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवणारा. "तुम्ही मला दोन दिवस देऊ शकता का?" हा बँकेतल्या एकाचा, इंग्रजी मेलची सवय असलेल्या माणसाचा. मराठीत तो कानाला किंचित खटकतो, कारण मी देऊ शकते की नाही हा प्रश्नच नाही, देणार की नाही हा प्रश्न आहे. "देऊ शकाल का?" म्हटलं की भविष्यकाळामुळे तो बराच मऊ होतो. "द्यावेत ही विनंती" हा दफ्तरी थाटाचा. तो कुणाला तरी सोसायटीच्या सूचनाफलकावर भेटला होता.

हा शेवटचा थाट नवशिक्यांना फार आवडतो, कारण तो भारदस्त दिसतो. पण त्यात एक खड्डा आहे. दोन दिवस "द्यावेत", मुदत "द्यावी", वेळ असेल तर "द्यावा". आपण हे विचार न करता बोलतो. ज्याच्या मातृभाषेत क्रियापद नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतच नाही, त्याला प्रत्येक वेळी थांबून हिशेब करावा लागतो, आणि मल्याळममध्ये ते बदलत नाही. वेळ तर त्यातही लबाड. भेटायची वेळ ठरली तर ती स्त्रीलिंगी, आणि काम करायला वेळ मिळाला तर तो पुल्लिंगी. ही भानगड समजावून सांगायला निम्मा तास गेला असता आणि मेल तिथेच राहिला असता.

म्हणून मी ज्या वाक्यावर बोट ठेवलं ते हे:

"मंगळवारपर्यंत मुदत मिळेल का?"

या वाक्यात तीन गोष्टी फुकट मिळतात. पहिली म्हणजे साधा भविष्यकाळ लिंग पाहत नाही. मुदत मिळेल, वेळ मिळेल, पुस्तक मिळेल, सगळं एकच. नवशिक्याला चुकायला जागाच उरत नाही. दुसरी, या वाक्यात मी कुठेही नाही. "तुम्ही द्या" मध्ये देणारी मी डोळ्यांसमोर उभी राहते. "मिळेल का" मध्ये कर्ता आहे मुदत, आणि ती मिळेल की नाही एवढाच प्रश्न आहे. मला "नाही" म्हणायचं झालं तर तेही तेवढंच हलकं होतं: "या वेळी मिळणार नाही." मी नाकारलं असं न म्हणता नाकारता येतं. आणि तिसरी गोष्ट, "तुम्ही" की "आपण" हा घोळ या वाक्यापुरता मिटतो.

तो घोळ खरा आहे. मुंबईत कानावर पडणारी मराठी बरीचशी "तू"ची असते. डब्यात, बाजारात, कामावर. त्यामुळे शिकणारा "तुम्ही"नं सुरुवात करतो आणि दुसऱ्याच ओळीत "तुझा मेसेज वाचला" असं लिहून मोकळा होतो. "आपण" मी प्राथमिक वर्गात शिकवतच नाही. एक तर त्याचा अर्थ "तुम्ही आणि मी मिळून" असाही होतो, आणि दुसरं म्हणजे "आपण" वापरलं की पुढची सगळी क्रियापदंही त्याच थाटात न्यावी लागतात. "तुम्ही" पुरेसं आहे. माझ्या मते पुढेही पुरेसंच आहे, पण यावर माझं आणि आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांचं कधी पटलेलं नाही.

विनंतीचं वाक्य ठरलं. आता कारण.

इथे आधी प्रश्न होता तो "गृहपाठ झाला नाही" हे कसं सांगायचं, याचा. मराठीत हे सांगायच्या निदान चार तऱ्हा आहेत आणि चारही तऱ्हांत वेगवेगळं माणूस दिसतं. "मी गृहपाठ केला नाही" हे खरं, सरळ आणि थोडं उर्मट. केला नाही, पुढे बोला. "गृहपाठ झाला नाही" यात गृहपाठ आपला आपण व्हायचा होता, तो झाला नाही, बिचारा. कप फुटला म्हणावं तसं. "माझ्याकडून झाला नाही" यात दोष कबूल आहे. आणि "मला करता आला नाही" यात करायचा होता, पण परिस्थितीनं करू दिला नाही.

परिचारिकेच्या बाबतीत चौथं वाक्यच खरं होतं. सलग रात्रपाळ्या आणि सकाळी झोप, आणि तिच्या मोकळ्या वेळेत, म्हणजे दुपारी, फुलबाजारातली सकाळची गर्दी ओसरलेली. तरी एका सकाळी पाळी संपल्यावर ती थेट परळहून दादरला गेली होती, विक्रेत्याशी बोलली होती आणि सहा वाक्यं लिहूनही झाली होती. यातलं काहीही तिच्या निरोपात नव्हतं. मला दिसलं ते फक्त "दोन दिवस पाहिजे".

"करता आला नाही" व्याकरणानं अवघड आहे. गृहपाठ करता आला नाही, मुलाखत घेता आली नाही, काम करता आलं नाही. इथे पुन्हा लिंग आडवं येतं. पण मेलमध्ये नाम एकच असतं, गृहपाठ. तेव्हा "गृहपाठ पूर्ण करता आला नाही" हे अख्खं वाक्य पाठ करून टाकायचं, त्याची चिरफाड पुढच्या पायरीवर. नवशिक्यांच्या वर्गात सगळंच समजावून सांगायचा हट्ट धरला की काहीच तोंडात बसत नाही.

कारण एका वाक्यात आटपायचं, असं मी सांगितलं तेव्हा थोडी कुरकुर झाली. रात्रपाळ्या, त्यात बदली कर्मचारी रजेवर, त्यात वसतिगृहात पाणी नाही, हे सगळं सांगू नको का? सांगू नको. परकी भाषा बोलणाऱ्यांच्या विनंत्यांचा अभ्यास झालेला आहे. शोशाना ब्लुम-कुल्का आणि एलिट ओल्श्टेन यांनी १९८६ मध्ये हिब्रू शिकणाऱ्यांबद्दल दाखवलं की भाषा बऱ्यापैकी येऊ लागलेली माणसं तीच विनंती मूळ भाषकांपेक्षा लांबलचक करतात, आणि ही लांबी मुख्यतः स्पष्टीकरणांची असते. मला ते अगदी पटतं. शब्द हाताशी आले की माणूस स्वतःला सावरायला ते सगळे वापरतो. वाचणाऱ्याला मात्र चौथ्या कारणाशी पहिल्याच कारणाची शंका यायला लागते. माझ्या वर्गातले लोक त्या पायरीवर अजून पोचलेले नाहीत, त्यांचं दुखणं उलटं, एकच ओळ लिहून थांबायचं. पण पुढे काय होणार ते माहीत असलं की आत्ताच माप घालून देता येतं: एक कारण, खरं आणि पडताळता येईल असं.

जोडायला "त्यामुळे". "कारण" नको, निदान आत्ता नको. "त्यामुळे" घेतलं की दोन स्वतंत्र वाक्यं करता येतात, मध्ये पूर्णविराम देता येतो. आणि क्रमही घडल्याप्रमाणे राहतो: आधी रात्रपाळी, मग न झालेला गृहपाठ. "या आठवड्यात मला सलग रात्रपाळी होती. त्यामुळे गृहपाठ पूर्ण करता आला नाही."

मग मी विचारलं, वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त काय हवं असतं? कुणी म्हणालं आदर, कुणी म्हणालं माफी. मला विचाराल तर माहिती हवी असते. किती झालंय, किती राहिलंय, कधी मिळेल. माझ्यासमोर रविवारी रात्री सगळ्यांचे गृहपाठ येतात, ते मी सोमवारी आणि मंगळवारी तपासते, म्हणजे मंगळवारी रात्री एक आलेला मला बुधवारी सकाळी घेता येईल का, एवढाच माझा हिशेब. तो करायला लागणारे आकडे मेलमध्ये असले की मी दोन मिनिटांत उत्तर देते. नसले की मी विचारते, ती उत्तर देते, मी परत विचारते, आणि तोवर रविवार उलटतो.

इथे "राहणे" फार उपयोगी पडतं. "सहा वाक्यं झाली आहेत. चार वाक्यं राहिली आहेत." ही दोन वाक्यं सगळ्या वर्गाला लगेच जमली, आणि ती मराठीच आहेत, कुठल्या दुसऱ्या भाषेची सावली त्यांच्यावर नाही. शिवाय झालेली सहा वाक्यं सोबत जोडायची. त्यानं कारण खरं असल्याचा पुरावा आपोआप मिळतो, वेगळी शपथ घ्यावी लागत नाही. छायाचित्र चालेल, फाइलही चालेल. गूगल डॉक्सचा दुवा पाठवणार असाल तर आधी तो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. परवानगी न देता पाठवलेला दुवा उघडायला मला पुन्हा तुमचीच परवानगी मागावी लागते, आणि मग मुदत मागणारं कोण आणि देणारं कोण तेच कळेनासं होतं.

तारीख. मूळ निरोपात "दोन दिवस" होते. कधीपासून दोन दिवस? शुक्रवारी रात्रीपासून धरले तर रविवार रात्र, म्हणजे मूळचीच मुदत! तिला अर्थातच रविवारच्या पुढचे दोन हवे होते. मग कुणीतरी "परवापर्यंत" सुचवलं. हिंदीतल्या "कल"चा त्रास मराठीत नाही, काल आणि उद्या आपण वेगळे ठेवलेत, पण "परवा" मात्र दोन्हीकडे तोंड करून उभा आहे. वर मेल मी कधी उघडेन याचा भरवसा नाही. शनिवारी लिहिलेला "परवा" मी रविवारी वाचला तर माझा परवा वेगळा. "पुढच्या मंगळवारी"वरही मतभेद झाले, काहींच्या मते येणारा, काहींच्या मते त्याच्या पुढचा. शेवटी वार, तारीख आणि तास तिन्ही लिहायचे ठरले: मंगळवारी, १६ तारखेला, रात्री दहापर्यंत.

आणि ही तारीख मागणाऱ्यानं सुचवायची. "थोडा जास्त वेळ मिळेल का?" यात नम्रता दिसते, पण किती वेळ ते ठरवायचं काम वाचणाऱ्यावर ढकललेलं असतं. शिवाय सुचवताना आपल्याला पाळता येईल तीच सुचवायची. तिची रात्रपाळी सोमवारी सकाळी संपत होती. सोमवारची तारीख मागितली असती तर ती झोपेत लिहीत बसली असती आणि मंगळवारी पुन्हा मेल करावा लागला असता. पहिला मेल विनंतीचा असतो, दुसरा कितीही नम्र असला तरी तक्रारीसारखा वाचला जातो.

एकानं मध्येच विचारलं, ती समोर बसलीय, तोंडानं विचारलं की झालं, मेल कशाला? बरोबर आहे. पण तोंडी दिलेला होकार मी दुपारपर्यंत विसरते, हे वर्गाला एव्हाना माहीत आहे.

वरचा आणि खालचा भाग लवकर झाला. विषयाच्या ओळीत काहींनी "मुदतवाढ मिळणेबाबत" लिहिलं. हे "णेबाबत" सरकारी पत्रांतून आलेलं, आणि चूक म्हणता येत नाही, पण आपल्या शिक्षिकेला तहसीलदार करायची गरज नाही. विषयात काय हवं, तर कोणता गृहपाठ आणि काय मागणी, कारण फोनवर तेवढीच ओळ दिसते. "आदरणीय", "माननीय", "परमपूज्य" यांच्यापैकी शेवटचा मी हसत हसत खोडला. "नमस्कार मॅडम" चांगलं आहे. "बाई" म्हटलेलं मला आवडलं असतं, पण ती हाक त्यांच्या तोंडी बसत नाही, आणि मुंबईत आता शाळेतही कमीच ऐकू येते. "आपली आज्ञाधारक" वगैरे जुन्या पाठ्यपुस्तकांत शोभतं. शेवटी आभार, पूर्ण नाव, वर्ग. पूर्ण नाव यासाठी की कुणाकुणाच्या मेलच्या पत्त्यात नाव नसतंच, जन्मसाल आणि एखाद्या क्रिकेटपटूचं नाव असतं.

तिनं दुपारी पाठवलेला मेल असा होता:

विषय: फुलबाजाराचा गृहपाठ – मंगळवारपर्यंत मुदत मिळेल का?

नमस्कार मॅडम,

मी शनिवारच्या वर्गातली विद्यार्थिनी. या आठवड्यात मला सलग रात्रपाळी होती. त्यामुळे गृहपाठ पूर्ण करता आला नाही. सहा वाक्यं झाली आहेत, ती सोबत जोडली आहेत. चार वाक्यं राहिली आहेत.

मंगळवारी, १६ तारखेला रात्री दहापर्यंत मुदत मिळेल का? जमणार नसेल तर कळवा. मी उद्या जेवढं होईल तेवढं पाठवेन.

धन्यवाद.

खाली तिचं पूर्ण नाव.

"जमणार नसेल तर कळवा" ही ओळ फळ्यावर नव्हती. ती तिनं स्वतः घातली, वसतिगृहातल्या मराठी मैत्रिणीला विचारून. "कळवा" हा पुन्हा आज्ञार्थच, पण इथे तो खटकत नाही, कारण तो नकार द्यायची मुभा देतोय. आज्ञार्थ वाईट नसतोच. त्यानं काय मागितलंय ते बघायचं. ज्यात समोरच्याची सोय आहे ते आज्ञार्थानं सांगितलेलं आपल्याला चालतं: बसा, चहा घ्या, सावकाश या. आपली सोय मागताना तो वापरायचा नाही. हे मी वर्गात सांगितलंच नव्हतं, कारण त्या ओळीपर्यंत मला ते असं नेमकं सुचलेलंच नव्हतं.

आणि "पाठवेन". इथे मी तिचं खास कौतुक केलं, कारण मुंबईत जन्मलेली मुलंही आता सर्रास "मी पाठवेल" म्हणतात.

मी उत्तर लिहिलं: "मंगळवारी रात्री दहापर्यंत चालेल. सहा वाक्यं वाचली, छान आहेत." उत्तर देणाऱ्यालाही नवशिक्याची पायरी सांभाळावी लागते. मी "हरकत नाही" लिहिलं असतं तर त्यातला "नाही" बघून ती दचकली असती. हे याआधी एकाच्या बाबतीत झालेलं आहे. माझा होकार त्यानं नकार समजून रात्रभर बसून गृहपाठ पूर्ण केला होता.

तिची उरलेली चार वाक्यं मंगळवारी संध्याकाळीच आली. त्यात शेवंतीचा भाव होता, आणि विक्रेता तिला "सिस्टर" म्हणाला हेही होतं.

हा मेल वर्गातल्या सगळ्यांनी उतरवून घेतला होता. पुढे मार्चमध्ये बँकेतल्या त्या गृहस्थांचा मेल आला. विषय चोख, वार, तारीख, तास तिन्ही हजर, "मुदत मिळेल का" जागच्या जागी. फक्त सुरुवात अशी: "मी शनिवारच्या वर्गातली विद्यार्थिनी. या आठवड्यात मला सलग रात्रपाळी होती."

लिंगाचा हा घोळ त्यांच्या एकट्याचा नाही. शिकवणारी बाई असली की वर्गातले पुरुषही "मी येते", "मी गेले होते" असं बोलायला लागतात, कारण पहिल्या पुरुषातली वाक्यं त्यांच्या कानावर येतात ती माझ्याच तोंडून. मी फळ्यावर दर वेळी "येतो / येते" असं दोन्ही लिहिते, तरी कान फळ्यापेक्षा बलवान ठरतात. एरवी मेलमध्ये हे लगेच पकडता येतं, पण या मेलमधलं बाकी एकही वाक्य स्वतःचं लिंग सांगत नाही. "होती" ही रात्रपाळीची, "आला" हा गृहपाठाचा, "मिळेल" कुणाचाच नाही. नवशिक्यांसाठी सोपा म्हणून निवडलेला मेल उतरवून काढायलाही तेवढाच सोपा निघाला. उघडं पाडलं ते एका "विद्यार्थिनी"नं आणि रात्रपाळीनं.

मी उलट लिहिलं: "मुदत मिळेल. बँकेत रात्रपाळी कधीपासून?"

पाच मिनिटांत उत्तर आलं, आणि ते कुठल्याही फळ्यावरून घेतलेलं नव्हतं: "मॅडम, मार्च आहे. माझी सकाळ बँकेत आहे, माझी रात्र पण बँकेत आहे. गृहपाठ घरी आहे."

त्यांना त्यांनी मागितलेला गुरुवार दिला. खरं तर एप्रिल उजाडेपर्यंत थांबलो असतो तर दोघांचीही सोय झाली असती, पण तसं त्यांनी मागितलं नव्हतं.